ओपनस्कॅडमधले झाड आणि त्याला लावायचा लगाम

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत त्रिमित छपाईचे यंत्र असेल, तर त्यावर एक छोटेसे झाड छापून प्रदर्शनात ठेवावे असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. झाडाची रचना ओपनस्कॅड ह्या संगणक-कार्यक्रमात फार थोडक्यात लिहिता येते. खोडाला दोन फांद्या, प्रत्येक फांदीला पुन्हा दोन फांद्या, त्यांनाही दोन. एकच नियम पुन्हा पुन्हा लावला की झाड तयार. लहान भाग हा मोठ्या भागाचीच प्रतिकृती असणाऱ्या अशा आकृत्यांना बन्वा मांडेलब्रो ह्या गणितज्ञाने १९७५ साली ‘फ्रॅक्टल’ असे नाव दिले.

पण हे झाड पडद्यावर उगवले, छपाईसाठी F6 ही कळ दाबली, आणि मग तासभर संगणक गप्प बसून राहिला, असा अनुभवही पुष्कळांना येतो. काही वेळा तर शेवटी कार्यक्रमच बंद पडतो. दोष यंत्राचा नसतो. आपण त्याला नकळत किती काम सांगितले, ह्याचा हिशेब आपण केलेला नसतो. तो हिशेब कसा करायचा, आणि झाडाची वाढ कोठे थांबवायची, हे आज पाहू.

एक फांदी लिहून पाहू

ओपनस्कॅडमध्ये एखाद्या चलाला एकदा दिलेली किंमत मागाहून वाढवता किंवा कमी करता येत नाही. त्यामुळे ‘दर फेरीला n मधून एक वजा कर’ अशी नेहमीची युक्ती येथे चालत नाही. त्याऐवजी फांदीचा भाग स्वतःलाच हाक मारतो, आणि हाक मारताना n ऐवजी n-1 पाठवतो. ह्यालाच पुनरावर्तन म्हणतात. आपली फांदी अशी :

```
k = 1/sqrt(2);
dmin = 1.2;

module fandi(L, d, n) {
  cylinder(h=L, d1=d, d2=k*d, $fn=8);
  if (n > 0 && k*d >= dmin)
    translate([0, 0, L - 0.1*d])
      for (a = [90, 270])
        rotate([0,0,a]) rotate([35,0,0])
          fandi(0.8*L, k*d, n-1);
}

fandi(40, 8, 12);
```

येथे `L` ही फांदीची लांबी आणि `d` ही तिची बुडाशी असलेली जाडी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. फांदी वर जाताना निमुळती होते आणि शेंड्याशी तिची जाडी `k*d` उरते. त्याच जाडीच्या दोन नव्या फांद्या तेथून ३५ अंशांनी कलून निघतात. ९० आणि २७० हे कोन मुद्दाम घेतले आहेत. त्यांमुळे प्रत्येक नवी जोडी आधीच्या जोडीच्या काटकोनात फुटते. त्यांच्या जागी ० आणि १८० घालून पाहा. सारे झाड पुस्तकात दाबून ठेवलेल्या पानासारखे चपटे होईल.

नवी फांदी नेमकी शेंड्यावर न ठेवता `0.1*d` इतकी खाली, म्हणजे जुन्या फांदीच्या आत रोवली आहे, हेही पाहा. सुतार लाकडाचा सांधा करताना एक तुकडा दुसऱ्यात रोवतो, तसेच हे. दोन घनाकृती नुसत्या कडेला कड लावून ठेवल्या, तर त्यांची एकसंध वस्तू करताना संगणकाचा गोंधळ होऊ शकतो आणि छपाईत तो सांधा कच्चा राहतो.

खोली निराळी, संख्या निराळी

`if` ची ओळ काढून टाकली तर काय होईल? पहिली फांदी दुसरीला हाक मारील, दुसरी तिसरीला, आणि ही साखळी कधीच संपणार नाही. प्रत्येक अपुरी हाक स्मृतीत एकावर एक रचून ठेवावी लागते. ती जागा संपत आली की ओपनस्कॅड स्वतःच थांबतो, आणि खालच्या खिडकीत `Recursion detected calling module` ही ओळ व तिच्यापुढे आपल्या भागाचे नाव दाखवतो. हा दोष खोलीचा. तो चटकन कळतो, म्हणून तो फारसा त्रासदायक नाही.

खरा त्रास संख्येचा आहे, आणि त्याची सूचना कोणी देत नाही. खोड ही शून्यावी पातळी धरली, तर पहिल्या पातळीवर २ फांद्या, दुसरीवर ४, तिसरीवर ८. पाचव्या पातळीपर्यंत सारे तुकडे मिळून १+२+४+८+१६+३२ = ६३ होतात. दहाव्या पातळीपर्यंत २,०४७. प्रत्येक सांध्यावर तीन फांद्या काढल्या, तर दहाव्या पातळीपर्यंत ८८,५७३! दहा पातळ्यांची खोली ओपनस्कॅडला काहीच नाही. साखळी कोठेही तुटत नाही, दोषाचा संदेशही येत नाही. संगणक बिचारा इमानाने ८८,५७३ तुकडे मोजत बसतो.

F5 ही कळ दाबली तर हे जाणवतही नाही. F5 झाडाचे नुसते चित्र दाखवते. त्यात एकमेकांत घुसलेले तुकडे तसेच असतात. F6 मात्र त्या सर्वांचा खराखुरा संयोग करते. कोणता पृष्ठभाग दुसऱ्याच्या आत गेला, कोणती कड कोठे कापली गेली, हे ठरवून बाहेरचा एकच अखंड पृष्ठभाग तयार करते. छपाईसाठी लागणारी एसटीएल फाइल ह्या पृष्ठभागावरूनच निघते. म्हणून ‘F5 ला तर क्षणात दिसले होते’ ह्या अनुभवावर विसंबू नका.

झाडाने स्वतः कोठे थांबावे?

आता `if` च्या ओळीतील दुसरी अट पाहा : `k*d >= dmin`. नव्या फांदीची जाडी १.२ मिलिमीटरपेक्षा कमी भरणार असेल, तर ती काढूच नये, असा तिचा अर्थ. १.२ च का? शाळेतील बहुतेक छपाई-यंत्रांच्या नळीचे तोंड ०.४ मिलिमीटर असते. फांदीला निदान दोन धागे शेजारी शेजारी बसावेत, म्हणजे ०.८ मिलिमीटर जाडी हवी. १.२ मिलिमीटरची फांदी शेंड्याशी १.२ × ०.७०७, म्हणजे सुमारे ०.८५ मिलिमीटर उरते. तिच्याहून बारीक डहाळी संगणकाने कितीही कष्टाने काढली, तरी यंत्र ती नीट छापू शकणार नाही. जे छापले जाणार नाही, ते मोजायचे तरी कशाला?

पण ह्या अटीचे सामर्थ्य `k` ह्या गुणोत्तरावर अवलंबून आहे. आपण `k` ची किंमत १/√२, म्हणजे ०.७०७ घेतली, ती मनाला येईल तशी घेतलेली नाही. लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) ह्याने आपल्या वहीत अशी नोंद करून ठेवली आहे, की झाडाच्या कोणत्याही उंचीवरील सर्व फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खोडाएवढी भरते. येथे जाडी म्हणजे आडव्या छेदाचे क्षेत्रफळ. खरी झाडे हा नियम काटेकोरपणे पाळतात असे नाही. पण अंदाज म्हणून तो चांगला आहे. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून दोन फांद्या फुटत असतील, तर प्रत्येकीच्या व्यासाचा वर्ग खोडाच्या व्यासाच्या वर्गाच्या निम्मा, आणि व्यास ०.७०७ पट. तीन फुटत असतील तर व्यास १/√३, म्हणजे ०.५७७ पट.

ह्यातून एक सुंदर गोष्ट निघते. प्रत्येक पातळीवर छेदांची बेरीज तीच राहते. मग खोडाचा व्यास D आणि शेवटच्या डहाळीचा व्यास d असेल, तर डहाळ्यांची संख्या (D/d)² हीच असणार. मग प्रत्येक सांध्यावर दोन फांद्या असोत की तीन! आपल्या झाडात D = ८ आणि d कमीत कमी १.२. (८/१.२)² म्हणजे सुमारे ४४. ह्याच्यापेक्षा जास्त डहाळ्या होणेच शक्य नाही. प्रत्यक्ष मोजून पाहू. दोन फांद्यांच्या झाडात जाडी ८, ५.६६, ४, २.८३, २, १.४१ अशी उतरते; पुढची १ मिलिमीटर म्हणून वगळली जाते. पाच पातळ्या, ३२ डहाळ्या. तीन फांद्यांच्या झाडात ८, ४.६२, २.६७, १.५४, पुढची ०.८९ म्हणून बाद. तीन पातळ्या, २७ डहाळ्या. दोन्ही ४४ च्या आतच.

आता हा नियम सोडला तर काय होते, ते पुढील कोष्टकात पाहा. खोड ८ मिलिमीटर, मर्यादा १.२ मिलिमीटर, प्रत्येक सांध्यावर दोन फांद्या; बदलते ते फक्त `k`. आणि n ची अट काढून टाकली आहे असे समजा.

| k | शेवटची पातळी | डहाळ्या | एकूण तुकडे |
|---|---|---|---|
| ०.६ | ३ | ८ | १५ |
| ०.७०७ | ५ | ३२ | ६३ |
| ०.८ | ८ | २५६ | ५११ |
| ०.९ | १८ | २,६२,१४४ | ५,२४,२८७ |

०.८ आणि ०.९ ह्यांत दिसायला फरक तो किती? पण एका ठिकाणी पाचशे तुकडे आणि दुसऱ्या ठिकाणी सव्वापाच लाख! कारण उघड आहे. `k` ची किंमत ०.७०७ पेक्षा जास्त असली, की प्रत्येक पातळीवर झाडाचा एकूण छेद वाढत जातो. झाड वर जाता जाता पातळ होण्याऐवजी एकंदरीत जाडच होत जाते, आणि जाडीची मर्यादा फार उशिरा येते. `k` ची किंमत १ असली तर ती कधीच येत नाही.

म्हणूनच आपण दोन लगाम ठेवले आहेत. जाडीची अट हा रोजचा लगाम, आणि `n > 0` हा अपघातासाठी ठेवलेला लगाम. कोणी `k` चुकीचा लिहिला, तर बाराव्या पातळीनंतर n शून्य होऊन झाड थांबेल. बारा पातळ्यांचे झाड म्हणजे ८,१९१ तुकडे. हेही जडच आहे. म्हणून अपेक्षित पातळ्या पाच आहेत हे कळल्यावर `fandi(40, 8, 12)` मधील १२ च्या जागी ७ लिहिणे शहाणपणाचे. मग काहीही चुकले तरी २५५ तुकड्यांच्या पुढे गाडी जाणार नाही.

(D/d)² ह्या सूत्राचा आणखी एक उपयोग आहे. `dmin` निम्मे केले की डहाळ्या चौपट होतात, आणि दुप्पट केले की पाव होतात. मग नुसती रचना पाहताना, म्हणजे F5 च्या वेळी, झाड हलके का ठेवू नये? ओपनस्कॅडमध्ये `$preview` नावाचा एक तयार चल आहे. F5 च्या वेळी तो खरा असतो आणि F6 च्या वेळी खोटा.

```
dmin = $preview ? 2.4 : 1.2;
```

एवढी एक ओळ बदलली, की पाहताना १५ तुकड्यांचे झाड दिसेल आणि छपाईसाठी ६३ तुकड्यांचे तयार होईल.

गोलाईची किंमत

तुकडे मोजले, आता एका तुकड्याचे वजन पाहू. ओपनस्कॅडमधील दंडगोल खरोखर गोल नसतो. तो अनेक बाजूंचा स्तंभ असतो. `$fn` हा आकडा त्या बाजू किती हे सांगतो. काम गुळगुळीत दिसावे म्हणून कित्येक जण कार्यक्रमाच्या पहिल्याच ओळीत `$fn = 100;` असे लिहून मोकळे होतात. ही सवय झाडाला महागात पडते.

शंभर बाजूंच्या दंडगोलाला २०० कोपरे असतात. सांधा छान दिसावा म्हणून त्यावर एक गोल बसवला, तर `$fn = 100` असताना त्या गोलाला ५० कडी आणि प्रत्येक कड्यावर १०० कोपरे, म्हणजे ५,००० कोपरे. दोन्ही मिळून एका फांदीला ५,२००, आणि ६३ फांद्यांना ३,२७,६०० कोपरे! तेच `$fn = 8` असताना दंडगोलाला १६, गोलाला ३२, आणि साऱ्या झाडाला ३,०२४. शंभरपटीहून अधिक फरक, आणि झाड मात्र तेच.

दिसण्यात काय गमावले? शेवटची डहाळी १.४१ मिलिमीटर जाड आहे. तिच्या अष्टकोनाची एक बाजू अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठी भरते. छपाईच्या धाग्यात ती बहुतेक बुजून जाते. खोडाच्या अष्टकोनाची बाजू मात्र ३ मिलिमीटरची आहे. ती डोळ्यांना दिसेल. म्हणून जाड फांद्यांनाच जास्त बाजू द्या : `$fn = d > 3 ? 16 : 8`. आपल्या झाडात ३ मिलिमीटरहून जाड असे फक्त ७ तुकडे आहेत, तेव्हा हा खर्च परवडतो. सांध्यावरचा गोल तर आपल्याला लागतच नाही. फांदी आत रोवल्यामुळे सांधा आधीच भरलेला आहे.

सारख्या फांद्यांचा फायदा

आता शेवटचा मुद्दा. F6 चे काम चालू असताना ओपनस्कॅड एक युक्ती करतो. एखादा भाग तयार झाला की तो त्याचे वर्णन आणि तयार आकृती आपल्या साठ्यात ठेवतो. पुढे नेमके तेच वर्णन पुन्हा आले, तर तो भाग नव्याने न घडवता साठ्यातली आकृती उचलतो, फिरवतो आणि योग्य जागी बसवतो. आपल्या झाडात एकाच पातळीवरच्या सर्व फांद्या हुबेहूब सारख्या आहेत. सांधे जरी ३१ असले, तरी वेगवेगळ्या प्रकारचे सांधे फक्त पाच, दर पातळीला एक. म्हणून ३१ ऐवजी पाचच सांधे खऱ्या अर्थाने घडवावे लागतात. वरच्या पातळ्यांचे तुकडे मोठे असल्यामुळे ते कामही थोडे नाही, पण बचत चांगलीच होते.

मग झाड नैसर्गिक दिसावे म्हणून आपण प्रत्येक फांदीचा कोन चिठ्ठी टाकून ठरवला, तर? `rands(25, 45, 2)` असे लिहिले की २५ ते ४५ अंशांमधील दोन यादृच्छिक कोन मिळतात. पण दर हाकेला ते निराळे येतात, त्यामुळे कोणत्याही दोन फांद्या सारख्या राहत नाहीत, आणि साठ्याचा फायदा बुडतो. शिवाय F5 ला पाहिलेले झाड आणि F6 ने बनवलेले झाड वेगवेगळे निघते. म्हणजे जे पाहून पसंत केले, ते छापले जातच नाही.

ह्यावर तोड अशी. `rands` ला चौथा आकडा देता येतो. त्याला आपण ‘बी’ म्हणू. बी तेच, तर निघणारे आकडेही तेच. आपण बी म्हणून पातळीचा n च द्यायचा :

```
module fandi(L, d, n) {
  t = rands(25, 45, 2, n);
  cylinder(h=L, d1=d, d2=k*d, $fn = d > 3 ? 16 : 8);
  if (n > 0 && k*d >= dmin)
    translate([0, 0, L - 0.1*d])
      for (i = [0, 1])
        rotate([0,0,90+180*i]) rotate([t[i],0,0])
          fandi(0.8*L, k*d, n-1);
}
```

आता प्रत्येक सांध्यावर डावी-उजवी फांदी निराळ्या कोनात कलते, त्यामुळे झाड कवायतीला उभे राहिल्यासारखे दिसत नाही. पण एका पातळीवरचे सर्व सांधे एकमेकांसारखेच राहतात, आणि साठा उपयोगी पडतो. दुसरे झाड हवे असेल तर n ऐवजी `n+100` असे बी द्या.

हे सारे पडताळून पाहायचे असेल, तर F6 नंतर खालच्या खिडकीत `Total rendering time` पुढे येणारी वेळ टिपून ठेवा. मात्र एक सावधगिरी बाळगा. दुसऱ्यांदा F6 दाबले तर उत्तर साठ्यातूनच येईल आणि वेळ खोटी कमी दिसेल. म्हणून दर मोजणीपूर्वी `Design` ह्या यादीतील `Flush Caches` निवडून साठा रिकामा करा.

तुमच्याकडे ओपनस्कॅडची २०२१.०१ ही आवृत्ती असेल, तर तिच्यातील F6 सीजीएएल नावाच्या संचाच्या साहाय्याने चालते. तो अपूर्णांकही तंतोतंत ठेवून गणित करतो, म्हणून अचूक आहे पण संथ. २०२३ पासूनच्या विकास-आवृत्त्यांत मॅनिफोल्ड नावाचा दुसरा संच निवडता येतो, आणि तो कितीतरी वेगवान आहे. पण वेगवान संच मिळाला म्हणून हिशेब चुकत नाही. यंत्र शंभरपट जलद झाले, तरी दोन फांद्यांच्या झाडात तेवढ्याच वेळात जेमतेम सहा-सात पातळ्या अधिक मिळतात, कारण २⁷ म्हणजे १२८.

करून पाहा

१. `dmin` ची किंमत ०.६ करा. तुकडे किती होतील, हे आधी कागदावर काढा. (उत्तर : सात पातळ्या, १२८ डहाळ्या, २५५ तुकडे. n चा आकडा ७ पेक्षा कमी नको.)

२. तीन फांद्यांचे झाड करा. `k` कोणता घ्याल, आणि `for` मध्ये कोणते तीन कोन लिहाल?

३. साठा रिकामा करून पहिल्या झाडाची वेळ मोजा. मग `rands` मधील बी काढून पुन्हा मोजा. दोन्ही झाडांत तुकडे ६३ च आहेत. वेळेत पडलेला फरक कशामुळे, हे तुमच्या वर्गमित्राला समजावून सांगा.